टॉप लोड मशिन स्पिनला धडधडतं तेव्हा: आधी जमीन, मग कपडे, मग रॉड

आमचं साडेसहा किलोचं टॉप लोड मशिन सातव्या वर्षी स्पिनला चालायला लागलं. चालायला म्हणजे खरोखरच. ड्राय बाल्कनीच्या भिंतीपासून चार बोटं अंतरावर ठेवलेलं मशिन धुणं संपेपर्यंत वीतभर पुढे आलेलं असायचं, मागचा पाण्याचा पाइप ताणलेला असायचा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन "अगं, काही पडलं का?" असं विचारून गेल्या. बोलावलेल्या मेकॅनिकने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. गिअरबॉक्स धडधाकट होता. दोष दोन ठिकाणी होता, आणि दोन्ही स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हातात न घेता सापडले. ते कसे सापडतात हे नीट क्रमाने सांगते, कारण यात क्रम चुकला की चांगले भाग उगाच बदलले जातात.

आधी आत काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. बाहेरून दिसतो तो पत्र्याचा डबा म्हणजे बॉडी. तिच्या आत पाणी धरणारा प्लास्टिकचा मोठा टब असतो आणि त्या टबात भोकं असलेला स्टीलचा ड्रम फिरतो. मोटर, क्लच, गिअरबॉक्स हे सगळं टबाच्या तळाला लावलेलं असतं. हा एवढा भार जमिनीवर टेकलेला नसतो. बॉडीच्या वरच्या चार कोपऱ्यांतून खाली आलेल्या चार लांब रॉडवर तो पाळण्यासारखा लटकलेला असतो. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला एक स्प्रिंग आणि तिच्यावर प्लास्टिकची टोपी असते, आणि टबाचे चार कान त्या चार टोप्यांवर टेकतात. स्प्रिंग वजन पेलते. टोपीच्या आत घट्ट ग्रीस भरलेलं असतं, ते झोका थोपवतं. झोका थोपवायचं काम बंद पडलं की पाळणा हलतच राहतो.

ड्रममध्ये वजन एका बाजूला गेलं तर जोर किती येतो याचा अंदाज असावा. समजा ओल्या कपड्यांचा एक किलो भार एकाच बाजूला जास्त आहे, तो मध्यापासून 20 सेंटीमीटरवर आहे आणि ड्रम मिनिटाला 700 फेरे घेतोय. तो एक किलो तेव्हा बाहेरच्या दिशेने साधारण 110 किलो वजनाइतकी ओढ निर्माण करतो. सगळं मशिन मिळून तेवढं भरत नाही. तरी रोज ते उडत नाही, कारण लटकलेला टब स्वतः थोडा सरकून आपला तोल शोधतो आणि ओढ बॉडीपर्यंत फारशी पोचू देत नाही. ड्रमच्या वरच्या कडेला जी जाड पोकळ कडी असते तिच्यातही द्रव भरलेला असतो. वेग वाढला की तो हलक्या बाजूला जाऊन थोडाफार तोल भरून काढतो.

म्हणून मशिनजवळ उभं राहून सगळ्यात आधी पाहायचं ते हे की ते हादरतं कधी. स्पिन सुरू होताना मोटर थांबत थांबत वेग घेते. त्या पहिल्या मिनिटभरात टब मोठे झोके घेऊन आतून बॉडीवर आदळत असेल, धप्प धप्प असा आवाज येत असेल, तर संशय कपड्यांवर किंवा रॉडवर. सुरुवात शांत होऊन पुढे पूर्ण वेगात आख्खी बॉडी थरथरत असेल, वर ठेवलेला साबणाचा डबा घरंगळत असेल, मशिन जागा सोडत असेल, तर संशय पायांवर आणि जमिनीवर. आमच्याकडे दोन्ही होत होतं. म्हणूनच मेकॅनिकचा गोंधळ झाला असावा.

रिकामं फिरवून पाहा

कपडे न घालता फक्त स्पिन लावा. बहुतेक मशिनांत वॉश आणि रिन्स वगळून नुसता स्पिन निवडता येतो. झाकण बंद ठेवा, दोन्ही तळहात बॉडीच्या वरच्या कडेवर ठेवा आणि पूर्ण वेग येईपर्यंत थांबा. धड मशिनमध्ये हाताला बारीक, एकसारखी थरथर लागते, धक्का लागत नाही. रिकामंसुद्धा नाचत असेल तर कपड्यांना दोष द्यायचं कारण उरत नाही. रिकामं शांत आणि कपड्यांसकट हादरतंय, असं असेल तर मात्र एवढ्यावरून रॉड चांगले आहेत असं समजू नका. रिकाम्या ड्रमला आवरायला थकलेले रॉडही पुरतात.

जमीन आणि पाय

आपल्याकडे मशिन बहुधा ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूमच्या बाहेर ठेवलेलं असतं, आणि ती फरशी मुद्दाम जाळीकडे उतार देऊन बसवलेली असते. मशिन पहिल्या दिवशी बरोबर बसवलेलं असलं तरी झाडताना, पुसताना ते सरकतं, आणि नव्या जागी उतार वेगळा असतो.

स्पिन बंद असताना मशिनच्या वरच्या कडेवर समोरचा डावा आणि मागचा उजवा असे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. मग दुसरी जोडी. कुठेही टकटक झाली, मशिन डुगडुगलं, तर एक पाय अधांतरी आहे. आमच्याकडे समोरच्या उजव्या पायाखालून जाड कागद सहज आरपार जात होता. त्यानंतर गवंड्याकडची पाणसळ बॉडीच्या कडेवर ठेवा, आधी डावीकडून उजवीकडे, मग पुढून मागे. झाकणावर ठेवू नका, झाकण स्वतःच वाकडं असू शकतं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत एक अंशाच्या आतला उतारच चालतो असं दिलेलं असतं. 55 सेंटीमीटर रुंदीच्या मशिनमध्ये एक अंश म्हणजे दोन बाजूंच्या उंचीत जेमतेम एक सेंटीमीटरचा फरक. डोळ्यांना तो दिसत नाही.

आता पाय. टॉप लोडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये समोरचा एकच पाय फिरवून खालीवर होतो, बाकीचे तीन पक्के असतात. काहींत समोरचे दोन, काहींत चारही फिरतात. प्लग काढा, कोणाला तरी मशिन किंचित मागे कलतं धरायला सांगा आणि पाय हाताने फिरवून जमिनीला टेकेल इतका बाहेर काढा. पायाच्या आट्यांवर एक चपटा नट असतो. तो वर नेऊन बॉडीच्या तळाशी घट्ट आवळायचा. हे शेवटचं काम बहुतेक जण सोडून देतात, आणि मग थरथरीने पाय आपोआप फिरत पुन्हा आत जातो. महिन्याभराने मशिन परत चालायला लागलं तर आधी हाच नट बघा.

एकाच पायाने भरून निघणार नाही इतका उतार असेल तर सखल बाजूच्या दोन्ही पायांखाली सारख्या जाडीची वॉटरप्रूफ प्लायची एकच सलग पट्टी घाला. पुठ्ठा किंवा घडी घातलेलं फडकं नको, ते भिजून दबतं. आणि पायाखालची टाइल बोटाच्या पेराने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर ती टाइल स्वतःच खालीवर होतेय, तिथे पाय कितीही आवळले तरी उपयोग नाही. मशिन अर्धा फूट बाजूला घ्या.

चाकांच्या स्टँडबद्दल मला ठाम बोलायचंय. खाली पाणी साचतं, झाडायला सोपं जातं, म्हणून घरोघरी मशिन चाकांच्या स्टँडवर चढवलेलं असतं. स्टँडच्या पट्ट्या जोडाशी सैल होतात, चाकांना ब्रेक लावला तरी खेळ राहतो, आणि मशिनचा समतोल कितीही साधला तरी तो त्या खेळात विरतो. तपासणीपुरतं तरी मशिन खाली उतरवून थेट फरशीवर एकदा स्पिन करा. फरक दिसला तर चाकांचं स्टँड काढून बिनचाकी, चारही पायांना धरणारं स्टँड घ्या.

कपडे कसे घातले आहेत

जमीन नीट झाली, आता कपडे. टॉप लोडमध्ये सगळ्यात जास्त त्रास देते ती एकटी जड वस्तू. घरात सोलापुरी चादर असेल तर हे लगेच कळेल. ती भिजली की चांगली जड होते, ड्रममध्ये एका अंगाला गोळा होऊन बसते आणि समोरच्या बाजूला तिचा तोल सांभाळायला काही नसतं. गोधडी, एकच जीन्स, रबराच्या पाठीचं पायपुसणं, गच्च भरलेली जाळीची पिशवी, या सगळ्यांचं असंच. एकट्या चादरीबरोबर दोन टॉवेल घाला, चादर ड्रमच्या भिंतीलगत गोल सैल पसरा आणि टॉवेल तिच्या हलक्या बाजूला ठेवा. मधला भाग मोकळा राहिला पाहिजे.

साडी, ओढणी, लांब बाह्यांचे शर्ट धुताना एकमेकांत पीळ घालतात आणि स्पिनच्या वेळी त्यांचा एकच गुंता होतो. स्पिन आधी धडधडला आणि मशिन मध्येच थांबलं, डिस्प्लेवर `UE` किंवा `UB` आलं, किंवा अचानक पुन्हा पाणी भरायला लागलं, तर ते बिघडलेलं नाही. टब फार झोके घेतोय हे ओळखून ते कपडे पाण्यात सोडवायचा प्रयत्न करतंय. पॉज करा, ड्रम पूर्ण थांबू द्या, झाकण उघडून गुंता सोडवा, पसरा, पुन्हा स्पिन लावा. रोजच्या धुण्यात हे पंधरा दिवसांतून एकदा झालं तर सोडून द्या. दर धुण्याला व्हायला लागलं तर पुढे वाचा.

एक गोष्ट मात्र कधीही स्पिनला टाकू नका: रेनकोट, प्लास्टिकचं टेबलक्लॉथ, पाणी न जिरणारं गादीचं कव्हर. त्यांच्या घड्यांत पाणी पिशवीसारखं साठून राहतं. पूर्ण वेगात ते एकदम एका बाजूने सुटलं की क्षणात तोल जातो आणि मशिन आडवं पडण्याइतका धक्का बसतो. हे हाताने निथळूनच वाळवायचं.

कपड्यांचा संशय फेडायला सरळ परीक्षा करा. ड्रम अर्धा भरेल इतके सारखे टॉवेल घ्या, भिजवा, भिंतीलगत सगळीकडे सारखे बसवा आणि नुसता स्पिन लावा. याच्याइतका समतोल भार रोजच्या धुण्यात कधीच मिळत नाही. जमीन आणि पाय तपासून झालेले असताना एवढ्या समान भारालाही टब बॉडीवर आदळत असेल, तर रॉडकडे वळा.

रॉड थकलेत का

प्लग काढा. झाकण उघडा आणि रिकाम्या ड्रमकडे वरून बघा. टबाची कडा आणि बॉडीच्या वरच्या तोंडाची कडा यांच्यातलं अंतर चारही बाजूंना बोटांनी मोजा. आमच्याकडे समोर आणि उजवीकडे अडीच बोटं होती, मागे डावीकडे एकच. मशिन आता पाणसळीत सरळ होतं, तरी टब एका कोपऱ्याकडे झुकला होता. म्हणजे तिथली स्प्रिंग दबली होती किंवा रॉड वरच्या खाचेतून सरकला होता. घर बदलताना मशिन आडवं नेलं असेल तर रॉड खाचेतून निसटलेला असणं अगदी शक्य आहे. तेव्हा नवीन विकत घेण्याआधी तो जागेवर आहे का हे बघा.

मग दाबून पाहा. टबाची कडा एका कोपऱ्यात दोन्ही हातांनी चार-पाच सेंटीमीटर खाली दाबा आणि एकदम सोडा. चांगल्या रॉडवर टब वर येतो, फार तर एकदा किंचित हलतो आणि थांबतो. आमच्या तीन कोपऱ्यांत टब दोनदा हलला. मागच्या डाव्या कोपऱ्यात तो चारदा खालीवर झाला, दोरीला बांधलेल्या बादलीसारखा. त्या टोपीतलं ग्रीस संपलं होतं. गिअरबॉक्सचा प्रश्न तिथेच मिटला.

रॉडवर किंवा टोपीत पातळ तेल फवारायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. इथे घर्षण हवंच असतं. पातळ तेलाने उरलेलं घट्ट ग्रीसही वाहून जातं आणि दोन दिवस कुरकुर थांबल्यासारखी वाटून झोके वाढतात. तसंच, आदळणारा टब ओळखून मशिन थांबवणारा स्विच किंवा झाकणाचा स्विच वायर जोडून निकामी करून देणारे लोक भेटतात. मशिन थांबत नाही एवढंच होतं. टब आदळत राहतो आणि शेवटी टब फुटतो किंवा फिरत्या ड्रममध्ये हात जातो.

रॉड बदलणे

चारही एकदम बदला. एकच नवा घातला तर तो कोपरा ताठ आणि बाकीचे लेचेपेचे राहतात, टब पुन्हा वाकडा झुलतो. दुकानात मॉडेल नंबर न्या, तो बहुधा मशिनच्या मागे स्टिकरवर असतो, आणि जमलं तर एक जुना रॉड काढून सोबत न्या. लांबी साधारण दोन फूट दिसली तरी मॉडेलप्रमाणे ती आणि स्प्रिंगचा ताठपणा बदलतो. काही मशिनांत मोटरच्या बाजूची स्प्रिंग जास्त ताठ असते आणि टोप्यांचे रंग वेगळे असतात. म्हणून काढण्याआधी चारही कोपऱ्यांचा फोटो काढून ठेवा. मशिन वॉरंटीत असेल तर मात्र हे काम कंपनीच्या माणसालाच करू द्या.

प्लग काढा, नळ बंद करा, टबात पाणी शिल्लक असेल तर ड्रेनला लावून आधीच काढून घ्या. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा बोट कापतात. वरचं कव्हर बहुतेक मशिनांत मागच्या बाजूच्या दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, काहींत पुढे टोप्यांखाली आणखी असतात. स्क्रू काढून कव्हर झाकणासकट उचला आणि भिंतीच्या बाजूला कलतं ठेवा. त्याला वायरी जोडलेल्या असतात, म्हणून कव्हर दोरीने बांधा, वायरींवर लटकू देऊ नका.

आता चारही कोपऱ्यांत रॉडची डोकी दिसतील, खाचेत बसलेल्या गोलसर वाट्यांमध्ये. एका वेळी एकच रॉड काढायचा, बाकीचे तीन टब धरून ठेवतात. या कामाला दुसरा माणूस लागतोच. माझ्या भावाने त्या कोपऱ्यात टबाची कडा धरून वर उचलली, त्याबरोबर रॉडवरचा ताण सुटला, मी डोकं खाचेतून वर उचलून बाजूला घेतलं आणि खालची टोपी टबाच्या कानातून सोडवली. काही मशिनांत खालपर्यंत वरून हात पोचतो. नसेल पोचत तर मागचं पॅनल उघडावं लागतं किंवा मशिन जाड गोधडीवर कलतं करून तळाशी उंदीर अडवायला लावलेल्या जाळीकडून हात घालावा लागतो. नवा रॉड उलट क्रमाने बसवायचा: आधी टोपी कानात, मग डोकं खाचेत, मग टब हळू सोडायचा. डोक्याखालच्या वाटीत सेटबरोबर आलेलं ग्रीस बोटभर लावा. त्यानंतर समोरासमोरचा कोपरा घ्या.

जुना आणि नवा रॉड शेजारी धरून टोपी दाबून पाहा, फार काही शिकायला मिळतं. नव्या रॉडची टोपी दोन्ही तळहातांनी दाबली तरी सावकाश आत जाते आणि सोडल्यावर चिकट आवाज करत सावकाश वर येते. आमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातला जुना रॉड पेनाच्या बटणासारखा टक्कन परत आला. आतून नुसती काळी, कोरडी पूड पडली.

सगळे बसवून झाल्यावर कव्हर लावण्याआधी बोटांनी अंतर पुन्हा मोजा. आमच्याकडे चारही बाजूंना दोन-सव्वादोन बोटं भरलं. कव्हर लावलं, पाय आणि नट पुन्हा तपासले, कारण मशिन कलतं केल्यावर पाय हलतोच, आणि मग आधी रिकामा स्पिन, नंतर तीच टॉवेलांची परीक्षा.

जमीन, कपडे आणि रॉड तिन्ही नीट असूनही रिकाम्या ड्रमला पूर्ण वेगात जोराची घरघर येत असेल, तर ड्रम हाताने धरून टबाच्या मानाने हलवून पाहा. टब न हलता नुसता ड्रम डावीउजवीकडे लचकला, किंवा मशिनखाली मधोमध गंजट काळपट ओघळ दिसले, तर बेअरिंग आणि सील गेलेलं आहे. ते काढायला ड्रम ओढून काढायचं अवजार लागतं, घरी करायचं काम नव्हे. वरच्या पोकळ कडीला चीर पडून त्यातला द्रव गळून गेला तरी रिकामा ड्रम डगमगतो. अशा वेळी चिरेभोवती पांढरट क्षार वाळलेला दिसू शकतो, आणि कडी सांधत बसण्यापेक्षा बदलणंच बरं.

आमच्या टॉवेलांच्या परीक्षेत टबाने सुरुवातीला दोन छोटे झोके घेतले आणि वेग पकडला. भिंतीपाशी खडूने पायांभोवती खुणा केल्या होत्या. सोलापुरी चादर आणि दोन टॉवेल घालून धुणं लावलं, तेव्हाही चारही पाय खुणांच्या आतच होते.